लोशू ग्रिड: कागदावरची तारीख, खरी तारीख आणि चुकणारी घरं

लोशू ग्रिड म्हणजे जन्मतारखेतले अंक तीन बाय तीनच्या चौकटीत भरून स्वभाव वाचण्याची पद्धत. या ग्रिडचा अर्थ सांगणारे भरपूर भेटतात. ग्रिड बिनचूक भरणारे मात्र कमी. खानदेशात तर गोची त्याच्याही आधी सुरू होते, कारण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी माणसांची कागदावरची जन्मतारीख खरी नसते. तारीख एका दिवसाने हलली तरी ग्रिडमधली दोन-तीन घरं बदलतात आणि "तुमच्यात पाच नाही" म्हणून सांगितलेलं सगळं फोल ठरतं. म्हणून या लेखात अर्थापेक्षा तयारी आणि पायऱ्यांचा क्रम यांवर जास्त भर आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोणता अंक असला किंवा नसला म्हणजे काय होतं, ही परंपरेची समजूत आहे, ती तपासून सिद्ध झालेली नाही. ग्रिड भरण्याचे नियम मात्र ठरलेले आहेत आणि त्यात चूक की बरोबर हे सांगता येतं.

## टप्पा १: ग्रिड घेण्याआधी तारीख पक्की करा

हा टप्पा लोक सरसकट गाळतात आणि जास्तीत जास्त चुका इथेच होतात. तीन ठिकाणी अडकायला होतं.

१ जून. जुन्या काळी पोराला शाळेत घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही, किंवा पोरगं सहा वर्षांचं भरत नसलं, की गुरुजी जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तिथून नोकरीच्या सर्व्हिस बुकात आणि आधारवर गेली. शिरपूर, चोपडा, यावल, साक्री अशा कुठल्याही तालुक्यातल्या एखाद्या जुन्या वर्गाची यादी काढली तर १ जूनवाले रांगेने सापडतील. त्यांतल्या एकाच सालच्या सगळ्या मुलांचं ग्रिड हुबेहूब एकच येणार. स्वभाव मात्र प्रत्येकाचा निराळा. दोष ग्रिडवर जातो आणि खरं कारण रजिस्टरात असतं.

कागदावर १ जून दिसला की तिथेच थांबा. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म नोंदवहीतला उतारा, दवाखान्याची जुनी चिठ्ठी, घरात जपून ठेवलेली पत्रिका, यांतलं एक तरी शोधा. आधार हा पुरावा धरू नका, कारण त्यावरची तारीख बहुतेक वेळा दाखल्यावरूनच आलेली असते. काही जुन्या कार्डांवर तर नुसतं सालच छापलेलं आहे.

सणावरून सांगितलेला जन्म. "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी झाला," किंवा आजी सांगते तसं, "कानबाईना रोट व्हतात, तवय जलमना." ही माहिती उपयोगाची असते, पण ती तारीख नव्हे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया २०२४ साली १० मे रोजी होती आणि २०२५ साली ३० एप्रिलला. म्हणून यंदाचं कॅलेंडर पाहून मागची तारीख काढायची नाही. ज्या सालचा जन्म त्याच सालचं पंचांग काढायचं, आणि तिथीबरोबर वारही जुळतो का ते बघायचं. कानबाईची स्थापना रविवारी होते आणि विसर्जन सोमवारी. तेव्हा कानबाईच्या दिवशीचा जन्म म्हणून काढलेली तारीख बुधवारी येत असेल, तर साल तरी चुकलंय किंवा आठवण तरी.

मध्यरात्रीनंतरचा जन्म. आपल्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो. पहाटे दोनला मूल झालं तर घरचे "मंगळवारच्या रात्री" म्हणतात, पण इंग्रजी कॅलेंडरात तोवर बुधवार लागलेला असतो. ग्रिडला इंग्रजी तारीख लागते, म्हणून रात्री बारानंतरचा जन्म पुढच्या तारखेत धरायचा. पत्रिकेत सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजलेला वार असतो, त्यामुळे पत्रिकेवरून घेताना जन्मवेळही वाचा.

> पडताळा: काढलेली तारीख मोबाइलच्या कॅलेंडरात त्या सालात जाऊन बघा. घरचे सांगतात तो वार येतो का? रात्री बारा ते सूर्योदय यांमधला जन्म असेल तर कॅलेंडरातला वार घरच्यांच्या वारापेक्षा एकाने पुढे यायला हवा.

## टप्पा २: रिकामी चौकट बरोबर आखा

तीन बाय तीनची चौकट. प्रत्येक अंकाचं घर ठरलेलं आहे:

| | | |
|---|---|---|
| ४ | ९ | २ |
| ३ | ५ | ७ |
| ८ | १ | ६ |

आडव्या, उभ्या, तिरप्या कुठल्याही तीन घरांची बेरीज १५ यायला हवी. पाठ करताना अंक उलटसुलट झाले तर हीच बेरीज पकडून देते.

वास्तूची सवय असलेल्यांची इथे एक फसगत होते. या चौकटीत दक्षिण वर आणि उत्तर खाली असते. १ हा उत्तरेचा अंक तळाशी आहे आणि ९ हा दक्षिणेचा अंक माथ्यावर. नकाशासारखी उत्तर वर धरून कुणी चौकट उलटी करतात आणि मग ओळींची नावं उलटी लागतात. चौकट फिरवायची नाही, वरच्या चित्रात आहे तशीच ठेवायची.

## टप्पा ३: तारखेतले अंक भरा

दिवस, महिना आणि पूर्ण चार अंकी साल घ्या. '७४' असं अर्धवट साल घेऊ नका, १९ गाळलं तर एक आणि नऊ दोन्ही जातात. शून्य कुठेच लिहायचं नाही. ऑक्टोबर म्हणजे १०, त्यातला फक्त १ घरात जातो. जो अंक दोनदा आला तो त्याच्या घरात दोनदा लिहायचा, '११' किंवा '९९' असा, म्हणजे मोजणी डोळ्यांपुढे राहते.

उदाहरणासाठी एक पुरुष घेऊ. दाखल्यावर १ जून १९७४. घरच्यांच्या मते नवरात्रात, मंगळवारी रात्री दोनच्या सुमाराला जन्म. नोंदवहीच्या उताऱ्यात २३ ऑक्टोबर १९७४ आहे, आणि त्या दिवशी कॅलेंडरात बुधवार येतो. म्हणजे घरच्यांचं आणि नोंदीचं बरोबर जुळलं. खरा वाढदिवस धरला तर जून १९८० मध्ये हा मुलगा पावणेसहा वर्षांचाही नव्हता. गुरुजींनी १ जून का लिहिला असेल तेही कळतं.

२३-१०-१९७४ यातले अंक: २, ३, १, १, ९, ७, ४. शून्य सोडून सात. आत्ता ५, ६ आणि ८ ही घरं रिकामी दिसतात. पुष्कळ जण इथेच हात टेकतात आणि "पाच नाही, सहा नाही, आठ नाही" असं सांगून मोकळे होतात. अजून तीन अंक भरायचे आहेत.

## टप्पा ४: मूलांक, भाग्यांक आणि कुआ

क्रम हाच ठेवा, म्हणजे कुठला अंक कुठून आला ते नंतर सांगता येईल.

मूलांक म्हणजे नुसत्या दिवसाच्या अंकांची बेरीज, एक अंक उरेपर्यंत. २३ म्हणजे २ + ३ = ५. घरात ५ लिहा. २९ तारीख असेल तर २ + ९ = ११, मग १ + १ = २. घरात २ लिहायचा, ११ चे दोन एक नव्हे.

इथे सगळ्यांत जास्त चुकणारा नियम आहे: तारीख १ ते ९, किंवा १०, २०, ३० असेल तर मूलांक पुन्हा लिहायचा नाही. तो अंक तारखेतून आधीच घरात गेलेला असतो, पुन्हा लिहिला तर एकच अंक दोनदा मोजला जातो.

भाग्यांक म्हणजे पूर्ण तारखेच्या सगळ्या अंकांची बेरीज. २ + ३ + १ + ० + १ + ९ + ७ + ४ = २७, मग २ + ७ = ९. घरात आणखी एक ९. भाग्यांक सगळ्यांनाच लिहायचा असतो, त्याला मूलांकासारखी सूट नाही.

कुआ अंक जन्मसालावर आणि स्त्री की पुरुष यावर ठरतो. सालाच्या अंकांची बेरीज एक अंकापर्यंत आणा: १ + ९ + ७ + ४ = २१, मग ३. पुरुषासाठी ११ मधून ती वजा करायची: ११ − ३ = ८. स्त्रीसाठी तिच्यात ४ मिळवायचे: ३ + ४ = ७. उत्तर दोन अंकी आलं तर पुन्हा बेरीज करून एक अंक करायचा. हे सूत्र १९०० आणि २००० दोन्ही शतकांतल्या सालांना चालतं, कारण आपण पूर्ण साल घेतलंय. शेवटचे दोनच अंक घेणारी सूत्रं २००० नंतर बदलतात आणि तिथे हमखास घोळ होतो.

आपल्या उदाहरणात पुरुष आहे, म्हणून ८. त्याच तारखेची बाई असती तर ८ च्या जागी दुसरा ७ आला असता आणि आठचं घर रिकामं राहिलं असतं.

> सावध: कुआ ५ आला तर दोन चाली आहेत. फेंगशुईत दिशा पाहताना पुरुषासाठी २ आणि बाईसाठी ८ धरतात, तर ग्रिड भरताना बरेच जण ५ च ठेवतात. कुठलीही एक धरा, पण एका घरातल्या माणसांना दोन वेगवेगळ्या चाली लावू नका. तसंच कुआचं साल चिनी सौर वर्षाप्रमाणे साधारण ४ फेब्रुवारीला बदलतं. जानेवारीतल्या जन्माला काटेकोर मंडळी आदलं साल घेतात, आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये हे पाळत नाहीत. काय धरलं ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

भरून झालेली चौकट अशी:

| | | |
|---|---|---|
| ४ | ९९ | २ |
| ३ | ५ | ७ |
| ८ | ११ | – |

> पडताळा: तारखेतले शून्य सोडून अंक अधिक मूलांक (लिहिला असेल तर), भाग्यांक आणि कुआ. इथे ७ + ३ = १०. चौकटीतले सगळे अंक मोजा: २ + १ + १ + १ + १ + १ + १ + २ = १०. जुळलं. नाही जुळलं तर अर्थ वाचायला बसू नका, आधी चूक शोधा.

## टप्पा ५: चुकीच्या तारखेने काय होतं ते एकदा ताडून बघा

त्याच माणसाची तीन ग्रिड भरून शेजारी ठेवली की पहिला टप्पा का महत्त्वाचा ते समजतं.

दाखल्यावरची तारीख, १-६-१९७४: अंक १, ६, १, ९, ७, ४. तारीख १ असल्याने मूलांक लिहायचा नाही. भाग्यांक २८, म्हणजे १०, म्हणजे १. कुआ ८. यात १ तीनदा, आणि २, ३, ५ नाहीत. आठ ओळींपैकी पूर्ण फक्त ८-१-६.

घरच्यांच्या तोंडचा मंगळवार तसाच घेतला तर २२-१०-१९७४: अंक २, २, १, १, ९, ७, ४. मूलांक ४, भाग्यांक २६ म्हणजे ८, कुआ ८. यात ३, ५, ६ नाहीत. पूर्ण ओळ फक्त ४-९-२.

खरी तारीख, २३-१०-१९७४: फक्त ६ नाही. पाच ओळी पूर्ण.

पहिल्या दोन कागदांवर "पाच नाही, जीवनात समतोल नाही" असं ठणकावून सांगितलं गेलं असतं आणि वर पाचचा उपाय म्हणून काहीतरी विकलंही गेलं असतं. पाच होता, फक्त एका रात्रीच्या अंतरावर.

## टप्पा ६: नसलेले अंक वाचणं

पाचपासून सुरुवात करा, कारण तो मधोमध आहे आणि त्याच्यातून चार ओळी जातात: मधली आडवी, मधली उभी आणि दोन्ही तिरप्या. पाच नसेल तर या चारही ओळी अपुऱ्या राहतात. कोपऱ्यातल्या अंकांमधून तीन ओळी जातात, कडेच्या १, ३, ७ आणि ९ मधून फक्त दोन. पाच नसण्याला एवढं वजन का देतात, त्याचं साधं कारण या मोजणीत आहे. पाच नसणाऱ्याला दिशा ठरवणं आणि टिकून राहणं अवघड जातं, असं मानतात.

वरची ओळ विचाराची. ४ नसेल तर शिस्त आणि नीटनेटकेपणा कमी, ९ नसेल तर दुसऱ्याच्या सुखदुःखाकडे लक्ष कमी, २ नसेल तर सबुरी आणि दुसऱ्याचं मन ओळखणं कमी, असं सांगतात. मधली ओळ भावनेची: ३ नसेल तर आत्मविश्वास आणि कल्पकता, ७ नसेल तर एकाग्रता आणि अंतर्मुख वृत्ती यांची उणीव. खालची ओळ व्यवहाराची: ८ नसेल तर पैशाचा हिशोब आणि हाती घेतलेलं तडीस नेणं, १ नसेल तर स्वतःचं म्हणणं मांडणं, ६ नसेल तर घर आणि जिव्हाळा व्यक्त करणं अवघड. आपल्या उदाहरणात एवढं शेवटचंच लागू होतं.

आता एक गणित, जे सांगणारे सहसा सांगत नाहीत. १९०० ते १९९९ मध्ये जन्मलेल्या कुणाच्याही ग्रिडमध्ये १ आणि ९ नसूच शकत नाहीत, सालातच आहेत ना. २००० नंतर साल २ ने सुरू होतं आणि शून्यं वाढतात, त्यामुळे एकूण अंकच कमी पडतात. २० फेब्रुवारी २००४ ची मुलगी घ्या: २, २, २, ४. तारीख २० म्हणून मूलांक नाही. भाग्यांक १०, म्हणजे १. सालाची बेरीज ६, त्यात ४ मिळवले की १०, कुआ १. एकूण सहाच अंक, तेही तीनच घरांत. ३, ५, ६, ७, ८, ९ सगळी घरं रिकामी. आईवडील घाबरतात, पण नऊ घरांत सहाच अंक टाकायचे असतील तर किमान तीन घरं रिकामी राहणारच. आजोबांच्या १९५० सालच्या ग्रिडशी नातीचं ग्रिड ताडून "हिच्यात काहीच नाही" म्हणणं म्हणजे अर्ध्या पायलीची पूर्ण पायलीशी तुलना.

> सावध: लग्न, औषधोपचार किंवा शेत-प्लॉटचा व्यवहार रिकाम्या घरावरून ठरवू नका. आणि तारखेचा पुरावा न विचारता थेट उपाय सांगणाऱ्याकडे तर बसूच नका.

## टप्पा ७: पुन्हा आलेले अंक

जास्त म्हणजे चांगलं, असा इथे हिशोब नाही. एक या अंकाचं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे. १ एकदाच असेल तर मनातलं बोलायला जड जातं, दोनदा असेल तर बोलणं समतोल, तीनदा असेल तर माणूस बडबड्या, आणि चारदा किंवा जास्त असेल तर उलट हळवा, मनातलं नीट सांगता न येणारा, असं परंपरा मानते. दोनवर उत्तम, पुढे अतिरेक, असाच साधारण कल इतर अंकांचाही असतो: दोनचा अतिरेक झाला तर अतिसंवेदनशीलता, नऊ दोनदा असेल तर बुद्धी तल्लख पण दुसऱ्यावर टीका करण्याची खोड.

यावरून मूलांकाच्या त्या नियमाची किंमत कळते. १ जूनच्या ग्रिडमध्ये मूलांक चुकून पुन्हा लिहिला तर १ तीनाऐवजी चारदा होतो आणि बडबड्या माणसाला अबोल ठरवलं जातं. अर्थ जुळत नाही असं वाटलं की स्वभावाला ताण देण्याआधी मोजणी तपासा.

## तारीख सापडलीच नाही तर

नोंदवहीत नाव नाही, आजी नाही, पंचांग नाही, अशी माणसं असतातच. अशा वेळी १ जूनवरून ग्रिड भरू नका. सालाबद्दल खात्री असेल तर सालाचे अंक आणि कुआ एवढंच पेनने लिहा. १ जूनच्या नोंदीत सालही मागे ढकललेलं असू शकतं, म्हणून भाऊ-बहिणींच्या वयाशी ते ताडून बघा. बाकीच्या घरांत पेन्सिलने प्रश्नचिन्ह घाला. तिथे '–' लिहू नका, कारण 'नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे कधी ट्रंकेतून जुनी चिठ्ठी निघाली तर तोच कागद पूर्ण करता येतो.